रांगत्या बाळासाठी जिना, गॅलरी आणि खिडक्या सुरक्षित करताना

आमची लेक साडेआठ महिन्यांची असताना एका दुपारी मी तिला दिवाणखान्यात सतरंजीवर खेळत ठेवून कुकर बंद करायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर गुडघे टेकवून तिसऱ्या पायरीच्या कडेला हात घालत होती. आदल्या आठवड्यापर्यंत ती पोटावर सरपटत होती, म्हणून जिन्याचे काम आम्ही पुढच्या महिन्यावर टाकले होते.

नाशिकमधले आमचे घर दुमजली रो-हाऊस आहे. घरात पंधरा पायऱ्यांचा जिना आहे, वरच्या मजल्यावर गॅलरी आहे आणि दोन्ही मजल्यांवर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. पुढचे दीड महिना आम्ही या तीन जागांवर काम केले आणि त्यातले निम्मे काम दोनदा करावे लागले. तुम्हाला ते एकदाच करावे लागावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. विजेचे प्लग, औषधे, गॅस हे विषय तितकेच गंभीर असले तरी येथे मी फक्त उंचीवरून पडण्याच्या धोक्याबद्दल लिहिले आहे.

बाळ सहा महिन्यांचे झाले की कामाला लागावे. बाळ रांगू लागण्याची वाट पाहू नये, कारण रांगणे आणि धरून उभे राहणे यांत कित्येकदा जेमतेम काही आठवड्यांचे अंतर असते.

आधी हाताशी ठेवायच्या वस्तू आणि कागद

- स्टीलची मोजपट्टी आणि एक वही
- जाड पुठ्ठ्यातून कापलेली बरोबर 10 सेंमी व्यासाची चकती
- ड्रिल मशीन, स्क्रू आणि भिंतीच्या प्रकाराप्रमाणे गिट्ट्या
- सुमारे अडीच सेंमी जाडीच्या लाकडी पट्ट्या
- पाइपला बसणारे यू-क्लॅम्प आणि त्यांखाली घालायला रबराच्या पट्ट्या
- दोन टॉवर बोल्ट, खिडक्यांच्या रुळात बसणारे अटकाव
- भाड्याचे घर असल्यास भिंतीला भोके पाडण्यासाठी घरमालकाची लेखी परवानगी
- गॅलरीला किंवा खिडकीला बाहेरून जाळी वा ग्रिल लावायचे असल्यास सोसायटीच्या समितीकडे लेखी अर्ज आणि त्यांची परवानगी
- कारागिराने तारेची जाडी, दोन तारांमधले अंतर आणि हमीची मुदत लिहून दिलेले बिल

सोसायटीच्या परवानगीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी द्यावा. इमारतीच्या दर्शनी बाजूला एकसारखेपणा राहावा असा बहुतेक सोसायट्यांचा आग्रह असतो आणि मधल्या काळात गॅलरीचे दार बंद ठेवण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

1. घर बाळाच्या उंचीवरून मोजा

पहिले काम खरेदीचे नाही, मोजण्याचे आहे. पुठ्ठ्याची 10 सेंमीची चकती हातात घेऊन घरभर फिरा. जिन्याच्या कठड्याचे गज, गॅलरीचे गज, सर्वांत खालचा पाइप आणि फरशी यांमधली फट, कठडा जिथे भिंतीला मिळतो तिथली फट, या सगळ्यांतून चकती पार जाते का ते पाहा. अनेक देशांच्या बांधकाम नियमांमध्ये कठड्याच्या गजांमधील मोकळी जागा 100 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवण्याची अट असते, ती याच कारणासाठी. रुंद फटीतून बाळाचे पाय आणि धड निघून जाते, पण डोके अडकते. चकती जिथून पार होते ती जागा वहीत लिहा. अशा जागा आमच्या घरात एकूण नऊ निघाल्या.

दुसरे मोजमाप उंचीचे. येथे बहुतेक जण चुकतात आणि आम्हीही चुकलो. कठड्याची किंवा खिडकीची उंची फरशीपासून मोजू नका. मूल जिथे पाय ठेवून उभे राहू शकेल, त्या जागेपासून मोजा.

आमच्या वरच्या खोलीतले उदाहरण देते. खिडकीचा कट्टा फरशीपासून 90 सेंमी उंच आहे आणि आम्हाला ती उंची पुरेशी वाटली होती. पण खिडकीला लागून दिवाण होता आणि गादीसकट त्याची उंची 47 सेंमी भरली. म्हणजे दिवाणावर उभ्या राहिलेल्या बाळाला खिडकी फक्त 43 सेंमीवर लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यांप्रमाणे दहा महिन्यांच्या बाळाची सरासरी उंची सुमारे 72 सेंमी असते. त्यामुळे कट्टा त्याच्या पोटाशी येतो आणि छाती, खांदे व डोके कट्ट्याच्या वर राहते. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने जड असते, म्हणून खाली पाहायला वाकताच तोल पुढे जातो आणि हातांत स्वतःला मागे खेचण्याइतके बळ नसते. दिवाणावर पडलेली उशी किंवा लोड यांनी ते अंतर आणखी 15-20 सेंमीने कमी होते.

तेव्हा प्रत्येक खिडकीसमोर दोन आकडे लिहा: फरशीपासूनची उंची आणि जवळच्या चढण्याजोग्या वस्तूपासूनची उंची. यातला दुसरा आकडा खरा धरायचा. मोजताना आजच्या बाळाचा विचारही पुरेसा नाही. दीड वर्षाच्या मुलाची सरासरी उंची सुमारे 82 सेंमी असते आणि तोवर त्याला खुर्ची ओढत नेणेही जमू लागते.

2. जिन्याच्या वरच्या टोकाला स्क्रूने बसवलेले फाटक लावा

बाजारात दोन प्रकारची फाटके मिळतात. एक प्रकार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दाब देऊन उभा राहतो. त्याला भोके पाडावी लागत नाहीत. दुसरा स्क्रूने पक्का बसतो. जिन्याच्या वरच्या टोकाला दाबाचे फाटक कधीही लावू नका.

आम्ही ते लावले होते. भिंती खराब नकोत, हा एकच विचार त्यामागे होता. तीन आठवड्यांनी मी कपड्यांची बादली घेऊन जिन्याजवळ उभी होते आणि हात मोकळा करण्यासाठी फाटकाला थोडी रेलले, तर ते खालच्या बाजूने सरकले. पायऱ्यांच्या बाजूला ते तळहाताएवढे पुढे गेले होते आणि रंगवलेल्या भिंतीवर रबरी टोप्यांनी काळ्या रेघा ओढल्या होत्या. लेक त्या वेळी झोपलेली होती. या फाटकात दुसरी अडचण अशी की त्याच्या तळाला आडवी पट्टी असते आणि बाळाला कडेवर घेऊन जाणाऱ्या माणसाचा पाय नेमका जिन्याच्या तोंडाशी त्या पट्टीला अडकतो.

स्क्रूचे फाटक बसवण्यापूर्वी भिंत कसली आहे ते ओळखावे लागते. ड्रिल केल्यावर पडणारी भुकटी पाहा. लाल भुकटी आली तर विटांची भिंत आहे आणि तिच्यात साधी गिट्टी चांगली धरते. ड्रिल कष्टाने शिरले आणि करडी भुकटी आली तर काँक्रीट आहे, ते सर्वांत मजबूत. ड्रिल लोण्यात शिरल्यासारखे आत गेले आणि पांढरट-करडी, पिठासारखी भुकटी पडली, तर भिंत हलक्या एएसी ब्लॉकची आहे. अलीकडच्या बऱ्याच इमारतींमधल्या आतल्या भिंती अशाच असतात. या भिंतीत साधी छोटी गिट्टी काही दिवस बसलेली दिसते, पण फाटक रोज उघडता-मिटता तिचे भोक मोठे होत जाते. भिंतीवर जिप्समचा लेप असेल तर तो सुमारे एक सेंमीचा थर काहीच धरत नाही, म्हणून स्क्रूची लांबी तो थर वगळून मोजावी.

ब्लॉकच्या भिंतीवर आमच्या सुताराने केलेली युक्ती मला फार उपयोगी वाटली. त्याने फाटक थेट भिंतीला न लावता आधी फाटकाहून थोडी उंच अशी 10 सेंमी रुंदीची लाकडी पट्टी भिंतीवर उभी बसवली. तिला ब्लॉकसाठी मिळणाऱ्या लांब गिट्ट्यांसह सहा स्क्रू वर-खाली विखरून मारले आणि फाटकाच्या बिजागऱ्या त्या पट्टीवर घेतल्या. झटक्याचा भार दोन भोकांवर येण्याऐवजी सहांवर वाटला गेला. दुसऱ्या बाजूला भिंत नव्हती, कठड्याचा गोल स्टीलचा खांब होता. तिथे तशीच पट्टी रबर घालून तीन यू-क्लॅम्पने खांबाला आवळली आणि फाटकाची कडी तिच्यावर बसवली.

फाटक विकत घेताना आणि बसवताना आम्ही पुढील गोष्टी पाळल्या आणि त्या तुम्हीही पाळाव्यात. फाटकाची उंची 75 सेंमीच्या आसपास असावी, गज उभे असावेत, त्यांमधले अंतर 6 सेंमीहून जास्त नसावे आणि फरशीपासून फट 5 सेंमीपेक्षा कमी असावी. फाटक पायरीवर नव्हे, वरच्या सपाट जागेवर, कडेपासून थोडे आत बसवावे. ते खोलीच्या बाजूला उघडावे. पायऱ्यांवर उघडणारे फाटक म्हणजे ढकलताच बाळ फाटकासकट हवेत. बसवून झाल्यावर वरची कड दोन्ही हातांनी धरून जोराने मागे-पुढे हलवा. भिंतीशी पट्टी किंचितही हलताना दिसली, तर ते काम पूर्ण झालेले नाही असे समजा.

आणखी एका गोष्टीकडे दुकानात कोणी लक्ष वेधत नाही. ही फाटके उघडायला बहुधा एक खटका दाबून दार वर उचलावे लागते. आमच्या सासूबाईंची बोटे सांधेदुखीने आखडतात आणि त्यांना ते जमत नव्हते, म्हणून त्या फाटक उघडेच ठेवू लागल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्ही ते बदलून अंगठ्याने सरकणाऱ्या कडीचे, आपोआप मिटणारे फाटक आणले. घरात आजी-आजोबा किंवा कामाला येणाऱ्या मावशी असतील, तर पैसे देण्यापूर्वी त्यांच्याकडून ते एका हाताने उघडून पाहावे. फाटक ओलांडून जाण्याची सवय कोणालाही लागू देऊ नये, कारण लांब टांग टाकताना मोठी माणसेही पडतात आणि बाळ ते पाहून शिकते.

3. जिन्याच्या खालचे फाटक

खालच्या टोकाला दाबाचे फाटक चालते, कारण ते सरकले तरी बाळ उंचीवरून पडत नाही. फक्त ते दोन टणक आणि समांतर बाजूंमध्ये बसवावे, आणि बसवल्यावर पहिला आठवडा रोज व नंतर आठवड्यातून एकदा त्याचे चाक आवळावे.

फाटके असली तरी बाळाला जिना उतरायला शिकवलेच पाहिजे. पाय आधी, पोट पायरीला टेकलेले, तोंड जिन्याकडे अशा उलट्या रांगण्याने खाली यायचे असते. मी रोज दहा मिनिटे फाटक उघडून, स्वतः दोन पायऱ्या खाली बसून, तिसऱ्या पायरीवरून तिला असे उतरवत असे. तिचे घोटे धरून पाय खालच्या पायरीला लावायचे आणि ‘पाय खाली’ असे प्रत्येक वेळी म्हणायचे. सुमारे दोन महिन्यांनी ती ते शब्द ऐकताच स्वतःहून वळू लागली. याने फाटकाची गरज संपत नाही, पण कधी कोणी ते उघडे ठेवले तर तिच्या बाजूने काहीतरी असते.

चाके असलेला, बाळाला आत बसवायचा वॉकर जिना असलेल्या घरात आणूच नये. त्यात बाळ क्षणात खोलीच्या टोकाला पोहोचते आणि वॉकरसकट पायऱ्यांवरून कोसळते. कॅनडाने 2004 साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, तिचे एक प्रमुख कारण जिन्यावरचे अपघात हेच होते. भेट म्हणून आलेला आमचा वॉकर आम्ही कोणाला पुढे दिला नाही, चाके काढून भंगारात दिला.

4. जिन्याचा कठडा

स्टीलचे आडवे पाइप असलेला कठडा सध्या सर्वत्र दिसतो आणि बाळासाठी तो शिडीच असतो. आमच्याकडे पाच आडवे पाइप होते, दोन पाइपांमध्ये 14 सेंमी आणि खालच्या पाइपाखाली 16 सेंमी अंतर होते, म्हणजे चकती सगळीकडून पार जात होती.

प्रथम आम्ही कापडी जाळी आणून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. तिने फट दिसेनाशी झाली, पण मध्यभागी हाताने दाबल्यावर जाळी बाहेर फुगली आणि खालच्या कडेला पुन्हा तळहात जाईल इतकी वाट झाली. जाळी लावायचीच असेल तर ती वर, खाली आणि दोन्ही बाजूंनी दर 15 सेंमीवर बांधावी, मध्यावर जोराने दाबून पाहावी आणि पट्ट्यांची कापलेली टोके बाहेरच्या बाजूला वळवावीत, कारण ती सुरीसारखी लागतात. चार-सहा महिन्यांसाठी भाड्याच्या घरात हा उपाय ठीक आहे.

कायमसाठी आम्ही 4 मिलिमीटर जाडीचे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे लावले. ते कठड्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाळ ज्या बाजूला असेल त्या बाजूला लावावे लागतात. बाहेरून लावले तर पडण्याची भीती जाते, पण पाइपांवर पाय ठेवून चढण्याची सोय तशीच राहते. पत्र्याची भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवावीत, कारण हा पत्रा उन्हाने वाढतो आणि घट्ट भोकांपाशी तडकतो. काच या कामी वापरू नये.

5. गॅलरी

गॅलरीसाठी माझे मत स्पष्ट आहे: रांगणारे बाळ गॅलरीत एकटे कधीच नसावे, आणि त्याचा पहिला बंदोबस्त गॅलरीच्या दाराला असावा, कठड्याला नव्हे. दाराच्या आतल्या बाजूला फरशीपासून सुमारे 150 सेंमीवर एक टॉवर बोल्ट लावा. दार सरकते असेल तर वरच्या रुळात अटकाव बसवा. दाराच्या जाळीवर विसंबू नका. रुळात हलकी बसलेली जाळी बाळ रेलताच निघते.

याच दाराची खालची कडी मात्र काढून टाकावी. आई कपडे वाळत घालायला गॅलरीत गेलेली असताना दीड-दोन वर्षांचे मूल आतून कडी लावून घेते, आणि मग आई बाहेर आणि मूल घरात एकटे असा प्रसंग उभा राहतो. बाथरूमच्या दाराचेही तेच. गॅलरीत जाताना फोन सोबत ठेवण्याची सवय मला त्या काळात लागली ती अजून टिकून आहे.

त्यानंतर गॅलरी रिकामी करायची. कुंड्या, चपलांचे कपाट, स्टूल, कपडे वाळवण्याचा स्टँड, उपडी बादली, ही सगळी पायरीच असते. आमच्याकडे मार्चमध्ये गॅलरीत कूलर ठेवण्याची पद्धत होती. कठडा फरशीपासून 108 सेंमी आणि कूलरचा स्टँड 60 सेंमी, म्हणजे स्टँडवर चढलेल्या मुलाला कठडा 48 सेंमीचा. तो उन्हाळा आम्ही कूलर खालच्या मजल्यावर, अंगणाच्या बाजूला लावून काढला. कठड्याच्या तळाशी सिमेंटचा अरुंद कट्टा असेल तर तो हलवता येत नाही. तिथे उंची कट्ट्यापासूनच मोजायची. पाणी भरलेली बादली किंवा टब गॅलरीत असेल तर ते आधी रिकामे करावे, कारण वाकून आत पडलेले बाळ थोड्याशा पाण्यातही बुडते.

जाळी लावणाऱ्याला बोलावताना तुम्हाला कबुतरांची जाळी हवी आहे की मुलांसाठीची, हे स्पष्ट सांगा. कबुतरांची जाळी पातळ असते आणि ती वजन पेलण्यासाठी बनलेलीच नसते. मुलांसाठीच्या जाळीचा दोर जाड असतो, तिला चारही बाजूंनी कडेचा दोर ओवलेला असतो आणि तिचे हुक काँक्रीटमध्ये सुमारे फुटाफुटावर ठोकलेले असतात. उन्हाने दोर ठिसूळ होतो. दोन बोटांत चोळल्यावर पांढरी पूड निघू लागली किंवा तंतू तुटू लागले, तर जाळी बदलण्याची वेळ झाली आहे.

‘इनव्हिजिबल ग्रिल’ म्हणजे ताणलेल्या स्टीलच्या तारा. तारा उभ्याच घ्या, आडव्या घेतल्या तर पुन्हा शिडी होते. दोन तारांमध्ये 5 सेंमी अंतर मागा, आणि काम झाल्यावर शेजारच्या दोन तारा दोन्ही हातांनी फाकवून त्यांतून चकती घालून पाहा. चकती गेली तर तार पुन्हा ताणून घ्या. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा किनारपट्टीच्या गावी तारा 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, कारण खाऱ्या हवेत 304 दर्जाच्या स्टीलवर लवकर गंजाचे डाग पडतात. यात एक उणीव आहे: आग लागली तर या तारा उघडत नाहीत. म्हणून गॅलरी हीच सुटकेची वाट असेल तर तारा कापायची जाड पक्कड गॅलरीजवळ, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर टांगलेली असावी.

6. खिडक्या

दिवाण खिडकीपासून दूर नेणे हा खिडकीसाठीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आम्ही दिवाण समोरच्या भिंतीला नेला आणि 43 सेंमीची खिडकी एका संध्याकाळी पुन्हा 90 सेंमीची झाली. अभ्यासाचे टेबल, खेळण्यांचे खोके, टीपॉय यांनाही तोच नियम लावावा.

मग खिडकी किती उघडते ते ठरवायचे. सरकत्या खिडकीच्या रुळात अटकाव असा बसवा की तावदान 10 सेंमीपेक्षा कमी सरकेल. पुठ्ठ्याची चकती येथेही उपयोगी पडते. अंगठ्याने फिरवायचे अटकाव मिळतात, पण थोडे मोठे झालेले मूल ते उघडते, म्हणून किल्लीचे घ्यावेत. खालच्या रुळाबरोबर वरच्या रुळातही एक बसवावा, नाहीतर काही जुन्या खिडक्यांची तावदाने उचलून रुळाबाहेर येतात. बिजागरीच्या खिडकीला तारेचा अटकाव मिळतो. एक बाजू चौकटीत, दुसरी तावदानात स्क्रूने बसते.

डासांच्या जाळीने बाळ पडण्यापासून वाचत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ती चौकटीत रबराच्या दोरीने किंवा वेल्क्रोने धरलेली असते आणि बाळाच्या वजनाने चौकटीतून सुटते. जाळी लावलेली खिडकी बंद असल्यासारखी दिसते, म्हणून आपलेही लक्ष कमी होते.

लोखंडी ग्रिल आहे म्हणून निश्चिंत राहण्यापूर्वी तिची फट मोजा. जुन्या नक्षीच्या ग्रिलमध्ये मधल्या फुलाभोवती फटी लहान आणि कोपऱ्यात मोठ्या असतात. आमच्या खालच्या खिडकीत कोपऱ्याची फट 13 सेंमीची निघाली आणि वेल्डिंगवाल्याने तिथे दोन उभ्या सळ्या जोडून दिल्या. बाहेर काढलेल्या पेटी-ग्रिलमध्ये मुलाला बसवून रस्ता दाखवण्याची सवय अनेक घरांत असते. तिचा तळ पत्र्याचा असतो, कुंड्यांच्या पाण्याने खालून गंजतो आणि वरच्या रंगामुळे ते दिसत नाही. तिच्यात मूल कधीच बसवू नये. आग लागली तर बाहेर पडता यावे म्हणून प्रत्येक मजल्यावर एका तरी ग्रिलला कुलपाचे दार ठेवावे आणि त्याची किल्ली त्याच खिडकीजवळ, पण मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर असावी.

पडद्यांच्या आणि पट्ट्यांच्या पडद्याच्या दोऱ्या सैल लोंबत्या ठेवू नका. दोरीचा फास बाळाच्या गळ्याभोवती बसतो आणि त्यात आवाजही होत नाही. त्या 150 सेंमीच्या वर खुंटीला गुंडाळून ठेवाव्यात.

7. आजोळी आणि पाहुणे म्हणून गेल्यावर

आपल्या घरी सगळे नीट करून आपण सुट्टीत गावी जातो आणि तिथे काहीच नसते. माझ्या माहेरी माडीवर जाणारा लाकडी जिना इतका उभा आहे की कोणतेही फाटक बसत नाही. पण वरच्या तोंडाशी झडपेचे दार आहे, ते मिटून ठेवले की वरचे काम होते. खालच्या तोंडाला आम्ही जुन्या दाराची फळी दोरीने घट्ट बांधतो. पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे मी बाळाला कडेवर घेऊन घरभर फिरते आणि जिना, विहीर, गच्चीचे दार आणि पडवीची उंच कड पाहून घेते. बाळ झोपायची खोली शक्यतो तळमजल्यावर मागून घ्यावी. कोणी नाही म्हणत नाही.

8. तरी बाळ पडलेच तर

बाळ बेशुद्ध झाले, आचके आले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त सुस्त वाटले, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आले किंवा डोक्यावर मऊ फुगवटा दिसला, तर घरी थांबू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात 108 वर रुग्णवाहिका मिळते. उंचीवरून पडलेले एक वर्षाच्या आतले बाळ वरवर ठीक दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर लगेच उचलून हलवू नये, आणि बाळाला शुद्धीवर आणण्यासाठी कधीही झटके देऊ नयेत.

9. दर महिन्याची तपासणी आणि फाटक केव्हा काढायचे

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चकती आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तीच फेरी मारते: फाटकाच्या पट्ट्या हलवून पाहते, यू-क्लॅम्प आवळते, तारा फाकवून पाहते, खिडक्यांचे अटकाव सरकले नाहीत ना ते बघते आणि कोणी स्टूल किंवा खोके खिडकीखाली आणून ठेवले आहे का तेही पाहते. बहुतेक वेळा तेच सापडते.

मूल दोन वर्षांचे झाले किंवा त्याआधीच फाटकावर पाय टाकून चढू लागले की फाटक काढावे, कारण त्यावरून पडणे हे पायरीवरून पडण्यापेक्षा अधिक उंचीचे असते. आमचे फाटक लेक तेवीस महिन्यांची असताना निघाले. भिंतीवरची लाकडी पट्टी तशीच आहे. खिडक्यांचे अटकाव आणि गॅलरीच्या दाराचा वरचा बोल्ट मात्र आम्ही काढलेला नाही आणि ती पाच वर्षांची होईपर्यंत काढणार नाही.